बस रद्द झाली, अर्जही दिला, तरी रिफंड येत नाही: स्क्रीनशॉटवरून अर्ज लिहिताना होणाऱ्या चुका

नेरूळ स्टेशनजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान आहे. मे महिना आणि गणपती, या दोन हंगामांत एकाच कामाची माणसं माझ्याकडे येतात. मोबाइल काउंटरवर ठेवतात, त्यात खासगी बसच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट असतो. "ताई, गाडी कॅन्सल झाली, पैसे आले नाहीत, एक अर्ज टाइप करून द्या." बहुतेकांनी त्याआधी एक अर्ज केलेला असतो आणि तो कुठेतरी अडलेला असतो. तो का अडला हे न पाहता दुसरा टाइप केला, तर तोही तिथेच अडतो. म्हणून मी आधी स्क्रीनशॉट मागते आणि टायपिंग नंतर करते.

हे सगळं खासगी बसबद्दल आहे, म्हणजे ॲपवरून किंवा ट्रॅव्हल्सच्या वेबसाइटवरून काढलेल्या तिकिटाबद्दल. रेल्वेनेच गाडी पूर्ण रद्द केली असेल, तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, त्यासाठी अर्ज लागत नाही आणि टीडीआर, म्हणजे रेल्वेकडे रिफंडसाठी करायचा ऑनलाइन दावाही भरावा लागत नाही. खिडकीवर काढलेलं तिकीट मात्र खिडकीवरच द्यावं लागतं. त्या मंडळींनी टायपिंगचे पैसे वाचवावेत.

लक्षणं

पहिलं लक्षण: ट्रॅव्हल्सकडून उत्तर येतं की सदर बुकिंग आमच्याकडे आढळत नाही. तिकीट तर हातात असतं, मग माणूस चिडतो.

दुसरं: ट्रॅव्हल्सवाले म्हणतात ॲपला विचारा, ॲपवाले म्हणतात ऑपरेटरकडून कन्फर्मेशन आलेलं नाही. दोघांच्या मध्ये तुम्ही.

तिसरं: पैसे आले, पण अर्धेच. गाडी त्यांनी रद्द केली आणि कपात तुमची झाली.

चौथं: "रिफंड प्रोसेस झाला आहे" असा मेसेज आहे, खात्यात मात्र काही नाही.

पाचवं लक्षण म्हणजे काहीच उत्तर नाही. ते बहुधा पहिल्याचंच भावंड असतं. समोरच्या माणसाने नंबर टाकून पाहिला, काही निघालं नाही, त्याने अर्ज बाजूला ठेवला.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या सेक्टरमधले एक काका आले होते. त्यांच्या एकाच तिकिटात पहिली तिन्ही लक्षणं होती, त्यामुळे त्यांचंच उदाहरण धरून पुढे जाते. बोरिवली ते कुडाळ स्लीपर, दोन सीट, काका आणि काकू. बसायचं नेरूळच्या एलपी या थांब्यावर. तिकीट १० मे २०२५ ला ॲपवरून काढलेलं, पैसे यूपीआयने दिलेले. गाडीच्या दिवशी दुपारी ट्रॅव्हल्समधून फोन आला: पॅसेंजर कमी आहेत, गाडी जात नाहीये, ॲपवरून कॅन्सल करून घ्या. मुलाने लगेच कॅन्सल केलं. खात्यात १,२२५ रुपये आले. काकांनी स्वतःच्या हाताने सुंदर अक्षरात अर्ज लिहून पाठवला. उत्तर आलं: बुकिंग आढळत नाही.

पहिली तपासणी: स्क्रीनशॉट पूर्ण आहे का, नंबर बरोबर उतरलाय का

याला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात, आणि बरेच अर्ज इथेच सुटतात.

तिकिटाचं पान मोबाइलच्या एका स्क्रीनपेक्षा लांब असतं. लोक वरचा भाग घेतात, कारण त्यात नाव, सीट आणि गाडीची वेळ दिसते. ऑपरेटरचा पीएनआर, भाड्याची फोड आणि कॅन्सलेशनचे नियम खाली राहतात. काकांचा स्क्रीनशॉट असाच अर्धा होता, आणि तोही मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला, काकांनी कडेने कापलेला.

दुसरी भानगड अक्षरांची. स्क्रीनवर शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, आठ आणि बी हे जोडीदार सारखेच दिसतात. माणूस मोठं करून बघतो आणि स्वतःला हवं ते वाचतो. म्हणून स्क्रीनशॉटवरून नंबर हाताने उतरवायचाच नाही. बुकिंगच्या वेळी आलेला एसएमएस किंवा ईमेल शोधा, किंवा ॲपमधलं जुनं बुकिंग उघडा आणि नंबरवर बोट दाबून धरून कॉपी करा. खरंच फक्त चित्रच उरलं असेल, तर एकाने एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने अर्जातलं बघायचं. आम्ही दुकानात असंच करतो. गिऱ्हाइकाला आधी हसू येतं, पण चूक सापडते.

नंबर हातात आला की अर्जाआधी एक फोन करा. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसला नंबर सांगा आणि विचारा, "कोणाच्या नावावर दिसतंय?" त्यांनी आपणहून तुमचं नाव सांगितलं, तर नंबर पक्का. फोन नंबर मात्र तिकिटावरचाच घ्या, गूगलवर शोधलेला "कस्टमर केअर" नको. त्याबद्दल शेवटी बोलू.

दुसरी तपासणी: एका तिकिटावर दोन नंबर असतात

ॲपवरून काढलेल्या तिकिटावर साधारणपणे एक ॲपचा तिकीट नंबर असतो आणि एक ऑपरेटरचा पीएनआर. ॲपचा नंबर वर मोठ्या अक्षरात असतो, ऑपरेटरचा खाली बारीक. लोक मोठा उचलतात. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातला माणूस तो आपल्या सिस्टिममध्ये टाकतो, काही निघत नाही, आणि तो खरंच सांगतो की बुकिंग आढळत नाही. खोटं बोलत नसतो बिचारा.

ॲपला लिहायचं असेल तर उलट. तिथे त्यांचाच नंबर चालतो, ऑपरेटरचा पीएनआर त्यांना दुय्यम. मी दोन्ही नंबर घालते आणि कोणता कोणाचा हे शब्दांत लिहिते. नुसते दोन नंबर स्वल्पविराम देऊन लिहिले, तर समोरचा पहिलाच उचलतो.

काकांच्या अर्जात फक्त ॲपचा नंबर होता. पण तेवढंच नव्हतं.

तिसरी तपासणी: तारीख, आणि मध्यरात्रीनंतरची गाडी

नवी मुंबईकरांची ही खास अडचण आहे. कोकण किंवा कोल्हापूरकडे जाणारी गाडी संध्याकाळी नाहीतर रात्री बोरिवलीहून सुटते, आणि अंधेरी, सायन, चेंबूर, वाशी करत आपल्याकडे येईपर्यंत बारा वाजून जातात. तुम्ही एलपीला किंवा कळंबोलीला उभे राहता तेव्हा तारीख बदललेली असते. ऑपरेटरच्या नोंदीत मात्र गाडीची तारीख असते ती पहिल्या थांब्यावरून सुटण्याची.

काकांची गाडी बोरिवलीहून २३ मे, शुक्रवारी रात्री दहाला सुटणार होती. एलपीला बसायची वेळ बारा वाजून दहा मिनिटं, म्हणजे २४ मे, शनिवार. स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही तारखा होत्या, एक वर आणि एक बोर्डिंग पॉइंटसमोर. काका कोणत्या तारखेला निघणार होते? त्यांच्या मते २४ तारखेला, आणि त्यांनी अर्जात तेच लिहिलं: "दि. २४ मे रोजीची आपली बस." ऑफिसने २४ ची यादी उघडली. त्या दिवशीची गाडी व्यवस्थित गेली होती आणि तिच्यात काकांचं नाव नव्हतं. म्हणजे चुकीचा नंबर आणि चुकीची तारीख, दोन्ही एकत्र. कोणालाही वाटेल की तिकीट खोटंच आहे.

म्हणून अर्जात तारीख अशी लिहायची: "बोरिवलीहून दि. २३ मे रोजी रात्री १०.०० वाजता सुटणारी सेवा. माझा बोर्डिंग पॉइंट नेरूळ एलपी, दि. २४ मे, रात्री १२.१०." लांबलचक वाटतं, पण समोरच्याला डोकं खाजवावं लागत नाही.

याचा दुसरा चटका कॅन्सलेशनच्या कपातीत बसतो. गाडी सुटायला किती तास उरले यावर कपात ठरते आणि हे तास बहुतेक ठिकाणी पहिल्या थांब्यावरून मोजतात, तुमच्या थांब्यावरून मोजत नाहीत. काकांच्या तिकिटावर सहा तासांच्या आत कॅन्सल केल्यास निम्मं भाडं कापणार असं होतं. मुलाने ४.४० ला कॅन्सल केलं आणि एलपीपासून हिशोब केला: साडेसात तास बाकी, म्हणजे सहा तासांच्या बाहेर. बोरिवलीपासून मोजले तर जेमतेम पाच तास वीस मिनिटं. प्रत्येक ऑपरेटरचे टप्पे वेगळे असतात, ते तिकिटाच्या खालच्या भागात छापलेले असतात. स्क्रीनशॉट पूर्ण हवा म्हणते ते यासाठीच.

चौथी तपासणी: पैसे कोणी घेतले आणि नक्की किती

आता बँकेचं स्टेटमेंट किंवा यूपीआय ॲपमधला व्यवहार उघडा. ॲपवरून बुकिंग केलं असेल तर पैसे ॲपने घेतलेले असतात, आणि परतही त्यांच्याकडूनच येतात. ट्रॅव्हल्सने "आमच्या बाजूने गाडी रद्द" असं कळवलं की मगच ॲप पूर्ण पैसे सोडतं. थेट ट्रॅव्हल्सच्या वेबसाइटवर काढलं असेल, तरी स्टेटमेंटमध्ये अनेकदा पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचं नाव दिसतं, ट्रॅव्हल्सचं नाही. लोक घाबरतात की हे कोण. घाबरू नका, तारीख आणि रक्कम जुळवा.

रकमेतही गोंधळ होतो. काकांचं मूळ भाडं २,५०० रुपये, त्यावर जीएसटी १२५, वरून कूपनची सवलत १५०. खात्यातून गेले २,४७५. कॅन्सल केल्यावर निम्मं भाडं, म्हणजे १,२५० कापून १,२२५ परत आले. काकांनी अर्जात मागितले होते २,५००, कारण स्क्रीनशॉटमध्ये तोच आकडा ठळक होता. जितके दिले त्याहून जास्त मागितले आणि आलेल्यांचा उल्लेखही नाही. असा अर्ज वाचणाऱ्याला नकार देणं सोपं जातं. खरा आकडा होता १,२५०: दिलेले २,४७५ वजा आलेले १,२२५.

यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ नंबर, म्हणजे यूटीआर किंवा आरआरएन, अर्जात जरूर घाला. तो उतरवताना चुकला का हे ओळखायची एक युक्ती मला सवयीने सापडली आहे. मी पाहिलेल्या बहुतेक नंबरांत पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १० मे हा २०२५ चा १३०वा दिवस, त्यामुळे काकांचा नंबर 5130 ने सुरू व्हायला हवा होता, आणि तसाच होता. सुरुवात फारच वेगळी दिसली, तर तुम्ही दुसऱ्याच व्यवहाराचा नंबर उचलला आहे का ते परत बघा.

पाचवी तपासणी: कॅन्सलचं बटण कोणी दाबलं

अर्ध्या रिफंडचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, आणि हे कागदपत्रांनी सिद्ध करावं लागतं. म्हणून हिला मी स्वस्त तपासण्यांच्या शेवटी ठेवते.

ॲपमध्ये बुकिंग उघडून स्टेटस वाचा. `Cancelled by operator` किंवा त्या अर्थाचं काही असेल, तर पूर्ण रक्कम यायला हवी. नुसतं `Cancelled`, किंवा तुम्ही कॅन्सल केलं असं लिहिलं असेल, तर सिस्टिमच्या नजरेत गाडी व्यवस्थित गेली आणि तुम्हीच बेत बदललात. फोनवर "ॲपवरून कॅन्सल करून घ्या" म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं असं मला वाटत नाही. पण सिद्ध करता येत नाही, म्हणून अर्जात तसा आरोप लिहू नका.

गाडी रद्द झाल्याचा फोन आला, तर कॅन्सलचं बटण दाबू नका. त्यांना सांगा, "तुमच्या पॅनलवरून रद्द करा आणि मला तसा मेसेज पाठवा." ते नाही म्हणाले, तर त्याच नंबरवर लगेच व्हॉट्सॲप टाका: "आपण आत्ता फोनवर सांगितलंत की २३ तारखेची बोरिवली-कुडाळ गाडी रद्द आहे. कृपया खात्री करावी." समोरून "हो", "ओके सर", अंगठा, काहीही आलं तरी तो तुमचा पुरावा. काहीच आलं नाही, तरी तुमचा मेसेज वेळेसकट राहतो.

आणि बटण आधीच दाबलं असेल तर? काकांचं तसंच होतं. तेव्हा क्रम दाखवावा लागतो: आधी त्यांचा फोन, मग आपलं कॅन्सलेशन. काकांच्या फोनमध्ये कॉल लॉग शिल्लक होता, ४ वाजून १२ मिनिटांचा इनकमिंग, आणि तो नंबर तिकिटावर छापलेल्या नंबरांपैकीच एक निघाला. कॅन्सलेशनचा एसएमएस ४.४० चा. मधली २८ मिनिटं हाच सगळा मुद्दा होता. शिवाय मी काकांना विचारलं, त्या गाडीला ओळखीचं कोणी होतं का? शेजारच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब त्याच गाडीने जाणार होतं आणि त्यांनी बटण दाबलं नव्हतं. त्यांच्या ॲपमध्ये ऑपरेटरने रद्द केल्याचं स्पष्ट दिसत होतं. त्यांच्या परवानगीने त्यांचा स्क्रीनशॉट जोडला, नाव आणि मोबाइल नंबर झाकून.

सहावी तपासणी: रिफंड निघालाय पण दिसत नाहीये

चौथ्या लक्षणासाठी एवढीच. ॲपमधलं वॉलेट आधी बघा, पैसे गुपचूप तिथे जमा झालेले असतात. तिथे नसतील, तर रिफंडचा संदर्भ नंबर मागा. यूपीआयला बारा अंकी आरआरएन, कार्डाला २३ अंकी एआरएन. मूळ पेमेंटचा नंबर नव्हे, परतीचा. तो घेऊन बँकेत गेलात तर बँक शोधू शकते, नुसत्या "प्रोसेस झाला" मेसेजवर शोधू शकत नाही. नंबर द्यायला ते टाळाटाळ करत असतील, तर पैसे निघालेच नसण्याची शक्यता मोठी.

आता अर्ज

हे सगळं झाल्यावर अर्ज अर्ध्या पानाचा होतो. काकांसाठी टाइप केलेला असा होता (नंबर बदलले आहेत):

> दिनांक: २ जून २०२५
>
> प्रति,
> व्यवस्थापक, रिफंड विभाग,
> (ट्रॅव्हल्सचं नाव आणि तिकिटावरील पत्ता)
>
> विषय: दि. २३ मे २०२५ ची बोरिवली–कुडाळ सेवा आपणाकडून रद्द झाल्याने उर्वरित रु. १,२५० परत मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> आपल्या बोरिवलीहून दि. २३ मे २०२५ रोजी रात्री १०.०० वाजता सुटणाऱ्या सेवेची दोन स्लीपर सीट मी आरक्षित केली होती. माझा बोर्डिंग पॉइंट नेरूळ एलपी, दि. २४ मे, रात्री १२.१० असा होता.
>
> आपला पीएनआर: `4418027-B81`
> ॲपचा तिकीट क्रमांक: `TK70Q18R5`
> भरलेली रक्कम: रु. २,४७५, यूपीआय, दि. १० मे २०२५, आरआरएन `513000000000`
>
> दि. २३ मे रोजी दुपारी ४.१२ वाजता तिकिटावरील आपल्या क्रमांकावरून मला फोन आला व सेवा रद्द झाल्याचे सांगून ॲपवरून तिकीट रद्द करण्यास सांगण्यात आले. त्यानुसार ४.४० वाजता तिकीट रद्द केले. त्यामुळे ते प्रवाशाने रद्द केले असे नोंदले जाऊन रु. १,२५० कापले गेले व दि. २७ मे रोजी रु. १,२२५ जमा झाले.
>
> सेवा आपणाकडून रद्द झाल्याने ही कपात लागू होत नाही. कृपया सेवा रद्द झाल्याची नोंद ॲपला कळवावी व उर्वरित रु. १,२५० ज्या खात्यातून रक्कम भरली त्याच खात्यात दि. १७ जून २०२५ पर्यंत जमा करावेत. वॉलेट किंवा कूपन स्वरूपात रक्कम नको.
>
> सोबत: पूर्ण तिकीट, पेमेंटची नोंद, कॉल लॉग, रद्द केल्याचा एसएमएस, त्याच सेवेच्या दुसऱ्या प्रवाशाच्या तिकिटाची स्थिती.
>
> आपला,
> (नाव, सही, बुकिंगच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक)

शेवटचा मोबाइल नंबर बुकिंगच्या वेळी दिलेलाच हवा. काकांचं तिकीट मुलाच्या नंबरवर होतं, अर्जात काकांचा होता. पीएनआर चुकला तरी मोबाइल नंबरवरून बुकिंग निघतं, पण तो बरोबर दिला तरच.

अर्जात काय नाही तेही बघा. मनस्ताप नाही, "आपल्यासारख्या नामांकित कंपनीकडून अशी अपेक्षा नव्हती" नाही, आणि दिवसाला शंभर रुपये दंडाची धमकी नाही. तो शंभर रुपयांचा मेसेज व्हॉट्सॲपवर सारखा फिरतो. रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं ते परिपत्रक फेल गेलेल्या व्यवहारांसाठी आहे: खात्यातून पैसे गेले, समोरच्याला मिळाल्याची खात्री झाली नाही आणि बँकेने ते मुदतीत परत केले नाहीत, तर. तुमचं पेमेंट यशस्वी झालं होतं, तिकीटही मिळालं होतं. तिथे ते लावलं की ज्याला नियम माहीत आहे तो तुमचा सगळा अर्जच हलक्यात घेतो.

पाठवताना स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नका, बारीक अक्षरं फुटतात. डॉक्युमेंट म्हणून टाका, किंवा सगळं एका पीडीएफमध्ये करून ईमेल करा. पेमेंटच्या स्क्रीनशॉटमधली खात्यातली शिल्लक आणि बाकीचे व्यवहार झाका. ट्रॅव्हल्सला पाठवलेल्या ईमेलची प्रत ॲपच्या तक्रार अधिकाऱ्यालाही द्या, त्यांचं नाव आणि ईमेल ॲपवरच दिलेलं असतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. दोघांना एकाच ईमेलमध्ये ठेवलं की "त्यांना विचारा" म्हणणं दोघांनाही अवघड जातं.

कुठे थांबायचं

दिलेली मुदत गेली आणि उत्तर नाही, तर तिसरा अर्ज लिहू नका. तेच कागद घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा त्यांच्या ॲपवर तक्रार नोंदवा. त्यानेही झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ट्रॅव्हल्सचं ऑफिस कुठेही असो. फक्त आपला जिल्हा कोणता ते बघा: वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत, खारघर आणि पनवेल रायगडात.

वकील कधी? गाडी रद्द झाल्यामुळे झालेलं दुसरं नुकसान मागायचं असेल, म्हणजे ऐन वेळी केलेली टॅक्सी, चुकलेली परीक्षा, किंवा लग्नाच्या वऱ्हाडासाठी घेतलेली आख्खी गाडी, तेव्हा माझ्यासारखीकडून अर्ज टाइप करून घेऊ नका. त्यात काय लिहिलं आणि काय सुटलं यावर पुढे सगळं ठरतं. ऑपरेटरने लेखी कळवलं की गाडी गेली होती आणि तुम्हीच आला नाहीत, तर तेव्हाही. एजंटला रोख दिलेत आणि पावती नाही, असं असेल तर खरं सांगायचं तर मी काही करू शकत नाही. स्क्रीनशॉटने ते भरून निघत नाही.

परतीचा आरआरएन किंवा एआरएन मिळाला आहे आणि बँक म्हणते आलेच नाहीत, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं. तिथे ट्रॅव्हल्सचा काही संबंध राहत नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथे एक क्षणही पुढे जायचं नाही. रिफंड देतो म्हणून कोणी लिंक पाठवली, स्क्रीन शेअर करायला लावली, किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितला, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. गूगलवर सापडणारे बरेच कस्टमर केअर नंबर हे नेमकं याच कामासाठी टाकलेले असतात, आणि गाडी रद्द झालेला माणूस घाईत असतो. पैसे गेलेच असतील तर माझ्याकडे येऊ नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला. जितका उशीर, तितकं ते पैसे अडवणं कठीण.

काकांना चौथ्या दिवशी ट्रॅव्हल्समधून फोन आला. त्यांनी त्यांच्या बाजूने नोंद बदलली, ॲपने १,२५० सोडले, पण वॉलेटमध्ये. अर्जात वॉलेट नको लिहिलं होतं, तरी. त्याच ईमेलवर एका ओळीचं उत्तर टाकलं, "परिच्छेद शेवटून दुसरा पाहावा", आणि पुढच्या आठवड्यात पैसे खात्यात आले. काका पासबुक भरून घेऊन थेट दुकानात. बोट ठेवून विचारतात, "ताई, आलेत खरे, पण हे कुठल्या कंपनीचं नाव आहे? आपण तर यांना कधी पैसे दिलेच नाहीत." पेमेंट गेटवेचं होतं.